या चुका टाळा: अल्फा बघून मान डोलावू नका

‘या अभ्यासात प्रमाणित प्रश्नावली वापरली असून तिची विश्वसनीयता ०.८५ आहे.’ बेळगावात बसून मी प्रबंधांचे मसुदे वाचतो, आणि हे वाक्य जवळपास प्रत्येकात असतं. ०.८५ कुणाचं, असं विचारलं की पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

हा आकडा म्हणजे क्रॉनबॅकचा अल्फा: प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते तो सांगतो. पण तो प्रश्नावलीच्या कागदाला चिकटलेला गुण नव्हे. ठरावीक माणसांनी ठरावीक भाषेत दिलेल्या उत्तरांवरून तो निघतो. माणसं बदलली की तोही बदलतो.

निपाणीतल्या विडी कामगार बायकांच्या ताणावरचा एक मसुदा आला होता. कोहेन आणि सहकाऱ्यांची ताणाची प्रश्नावली मराठीत आणि कन्नडमध्ये करून वापरलेली, अल्फा मात्र मूळ पेपरातून उचललेला. १९८३ चा तो पेपर मी त्या पोराला उघडून दाखवला. त्यातले ०.८४ ते ०.८६ हे आकडे चौदा प्रश्नांच्या आवृत्तीचे. उत्तरं देणारे अमेरिकेतले कॉलेजचे विद्यार्थी आणि सिगारेट सोडायच्या कार्यक्रमाला आलेली माणसं. यानं वापरलेली आवृत्ती दहा प्रश्नांची. सिगारेट सोडणाऱ्यांचा आकडा विड्या वळणाऱ्यांना लावला होता, तोही भलत्याच आवृत्तीचा.

स्वतःच्या डेटावर अल्फा काढ म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

“सर, ०.२४ आलंय की! पण चार प्रश्न काढले की ०.७६ होतंय. काढू काय?”

“कुठले चार?”

“चार, पाच, सात आणि आठ.”

मी कपाळाला हात लावला. ‘अडचणी आपण निभावून नेऊ असा भरवसा किती वेळा वाटला?’ अशा धाटणीचे नेमके तेच चार प्रश्न उलट गुणांचे आहेत. बाकी प्रश्नांत ४ म्हणजे जास्त ताण, यांत ४ म्हणजे कमी. ४ मधून उत्तर वजा करून गुण फिरवायचे असतात. ते न करता SPSS या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधला `Cronbach's Alpha if Item Deleted` हा रकाना बघून हा पोरगा प्रश्नच उडवायला निघाला होता! गुण फिरवल्यावर दहाही प्रश्न ठेवून ०.८१ आला. त्या रकान्यानं जितकी प्रश्नावल्यांची वाट लावली आहे, तितकी वाईट भाषांतरांनीही लावली नसेल. म्हणून दुसऱ्याचा पेपर वाचतानाही दोन गोष्टी बघाव्यात. अल्फा फारच कमी किंवा उणे आला असेल तर आधी गुण फिरवले होते का, आणि मूळ दहा प्रश्नांचे सहाच उरले असतील तर कुठले गेले.

आता दुसरी चूक, जी शिकलेले लोकही करतात: अल्फा चांगला, म्हणजे सगळे प्रश्न एकच गोष्ट मोजतात असं धरणं. समजा, दहा प्रश्न ताणाचे आणि दहा धार्मिकतेचे एकत्र बांधले. प्रत्येक दहांत आपापसातला सहसंबंध ०.५, पण दोन गटांमध्ये शून्य. वीस प्रश्नांतल्या १९० जोड्यांची सरासरी साधारण ०.२४ पडते. गणित करा, अल्फा ०.८६ येतो! एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन गोष्टींचा. प्रश्न वाढवले की अल्फा फुगतो, एवढंच त्यामागचं गुपित. त्यामुळे प्रश्नांचे किती गट पडतात हे घटक विश्लेषणानं तपासलं आहे का, ते मी आधी शोधतो. ज्या माणसांवर गट शोधले, त्यांच्यावरच ते ‘सिद्ध’ केले असतील, तर ती स्वतःच पेपर काढून स्वतःच तपासण्याची गत.

शिवाय घटक विश्लेषण झालं म्हणजे सप्रमाणता आली, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं गेलं, असंही नाही. ताणाचे गुण झोपेच्या तक्रारींबरोबर वाढतात का, ज्याच्याशी संबंध नसावा त्याच्याशी खरंच नाही का, हे कुणीतरी बघितलेलं असायला हवं. ०.९७ अल्फा बघून पेढे वाटू नका. बहुतेक वेळा एकच प्रश्न शब्द फिरवून पाच वेळा विचारलेला असतो. आणि ०.७० ही काही लक्ष्मणरेषा नाही. गटांच्या सरासरींची तुलना करायला ती चालते, एकट्या माणसावर निदानाचा शिक्का मारायला नाही.

आपल्या भागातली खास चूक राहिली. निपाणी, चिकोडी, खानापूर इथं अर्धे फॉर्म मराठीतून आणि अर्धे कन्नडमधून भरून घेतात आणि अल्फा एकत्र काढतात. त्या पोराला मी दोन्ही भाषांचे फॉर्म वेगळे करायला लावले. मराठीचा अल्फा ०.८४ आला, कन्नडचा ०.५८. कन्नड भाषांतर त्याच्या रूममेटनं एका रात्रीत केलेलं होतं, आणि ते पुन्हा इंग्रजीत करून मुळाशी कुणी ताडून बघितलं नव्हतं.