बचत गटातील एका सदस्येचे हप्ते थकले, तर बँकेचे कर्ज कसे सांभाळावे

महिला बचत गटाला बँक कर्ज देते, ते गटाला देते; गटातील बारा किंवा पंधरा महिलांना स्वतंत्रपणे देत नाही. नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून ही रचना कायम आहे. बँकेच्या वहीत गटाचे एकच कर्ज खाते असते. कोणत्या सदस्येने किती रक्कम घेतली, कोणाचा हप्ता आला आणि कोणाचा राहिला, याचा हिशेब गटाने आपल्या खातेवहीत ठेवायचा असतो. त्यामुळे एका सदस्येचा हप्ता चुकला, तरी बँकेच्या दृष्टीने संपूर्ण गटाचा हप्ता अपुरा ठरतो. अशी वेळ आली की गटाने क्रमाने काय करावे आणि त्यासाठी कर्ज घेण्यापूर्वीच कोणते नियम लिहून ठेवावेत, ते येथे दिले आहे.

कर्ज मागण्यापूर्वी

गट किमान सहा महिने सुरू असावा आणि तो पंचसूत्रीप्रमाणे चालत असावा, एवढी बँकेची मुख्य अपेक्षा असते. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि अचूक नोंदी ही ती पाच सूत्रे होत. पहिले कर्ज गटाच्या कोषाच्या सहापट किंवा किमान दीड लाख रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्या आधारे ठरते. कोष म्हणजे केवळ खात्यावरील शिल्लक नव्हे. सदस्यांची बचत, अंतर्गत कर्जावर मिळालेले व्याज, दंड आणि सरकारी अभियानातून गटाला मिळालेला फिरता निधी हे सर्व त्यात धरले जाते, मग त्यातील काही रक्कम सदस्यांकडे कर्जाऊ असली तरी चालते. दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये आणि गटाचे बचत खातेही अडवून ठेवू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. शाखेत ‘आधी ठेव ठेवा, मग कर्ज देऊ’ असे ऐकायला मिळाले, तर हा मुद्दा बँकेच्या कामात गटांना मदत करणाऱ्या बँक सखीला सोबत घेऊन शांतपणे मांडावा.

कर्ज घेताना सर्व सदस्या आपसी करारनाम्यावर सह्या करतात. या कागदाकडे सहसा फारसे लक्ष दिले जात नाही, पण कर्ज फेडण्याची जबाबदारी सर्वांची मिळून आणि प्रत्येकीचीही आहे, हे त्यातच मान्य केलेले असते. म्हणून तो सहीपूर्वी बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा.

इतिवृत्तात लिहून ठेवायचे नियम

बँकेची रक्कम गटाच्या खात्यावर जमा झाल्यावर ती सर्वांना समान वाटून टाकण्याचा मोह अनेक गटांना होतो. माझ्या मते बहुतेक थकबाकीचे मूळ इथेच असते. जिला गरज नसते ती आपला वाटा दुसरीला देते, कधी गटाबाहेरच्या नातेवाईकालाही देते, आणि हप्ता थांबला की ‘पैसे मी वापरलेच नाहीत’ असे सांगून मोकळी होते. म्हणून प्रत्येकीची गरज, तिच्या घरात दरमहा किती पैसा येतो आणि आधीची किती देणी आहेत, हे लिहूनच रक्कम ठरवावी. सदस्यांच्या कर्जाच्या गरजा मांडणाऱ्या सूक्ष्म पत आराखड्याचा खरा उपयोग हाच आहे. आधीच्या देण्यांमध्ये मायक्रोफायनान्स कंपनीचे कर्ज स्पष्टपणे विचारावे. त्या कंपनीचा माणूस ठरलेल्या दिवशी दारात उभा राहतो आणि गटाची बैठक मात्र मैत्रिणींची असते, त्यामुळे हात आखडला की गटाचाच हप्ता आधी राहतो.

त्यानंतर व्याजाचा दर ठरवावा. सदस्यांकडून घ्यायचा दर बँकेच्या दरापेक्षा थोडा अधिक असावा. तो किती कामी येतो, हे पुढील उदाहरणात दिसेल. प्रत्येक कर्जाला गटातीलच दोन सदस्या जामीनदार असाव्यात. अध्यक्ष आणि सचिव यांनाही कर्जाची मर्यादा आणि जामिनाचा नियम तंतोतंत लागू असावा. वसुलीची बैठक बँकेच्या हप्त्याच्या तारखेआधी किमान पाच दिवस ठेवावी, म्हणजे तूट किती आहे हे आधीच कळते आणि ती भरून काढायला वेळ मिळतो. शेवटचा नियम थकबाकीचा असतो: दंड किती, किती हप्ते चुकल्यावर जामीनदारांना बोलवायचे आणि तूट गटाच्या कोषातून कोणत्या मर्यादेपर्यंत भरायची. हा नियम कोणाचेही नाव डोळ्यांसमोर नसतानाच ठरवावा. थकबाकी झाल्यावर ठरवला, तर तो ‘माझ्यासाठीच काढला’ असे त्या महिलेला वाटते आणि ते चुकीचेही नसते.

एक उदाहरण

बारा महिलांचा एक गट धरू. दरमहा प्रत्येकी २०० रुपये बचत करणाऱ्या या गटाने दहा महिन्यांनंतर बँकेकडून दीड लाख रुपये घेतले, २४ महिन्यांसाठी, वार्षिक ७ टक्के दराने. मुद्दल दरमहा ६,२५० रुपये फेडायचे आणि शिल्लक मुद्दलावर व्याज भरायचे, असे ठरले. गटाने ही संपूर्ण रक्कम सदस्यांना दरमहा १ टक्का व्याजाने आणि त्याच २४ महिन्यांच्या मुदतीने दिली. त्यातील एका सदस्येने शेळ्यांसाठी २४,००० रुपये घेतले. सात हप्ते तिने वेळेवर भरले. मग शेळ्या रोगाने दगावल्या आणि आठव्या महिन्यात ती रिकाम्या हाताने बैठकीला आली.

त्या महिन्यात गटाला बँकेत ६,२५० रुपये मुद्दल आणि १,०६,२५० रुपयांच्या शिल्लकीवर सुमारे ६२० रुपये व्याज, असे ६,८७० रुपये भरायचे होते. सर्व सदस्यांकडून ७,३१२ रुपये येणे अपेक्षित होते. त्या सदस्येचे १,००० रुपये मुद्दल आणि १७० रुपये व्याज आले नाही, म्हणून प्रत्यक्षात ६,१४२ रुपये जमले. तूट ७२८ रुपयांची झाली. म्हणजे १,१७० रुपये चुकूनही गटाला खिशातून ७२८ रुपयेच घालावे लागले, कारण उरलेली झळ व्याजाच्या फरकाने सोसली. ज्या गटाने बँकेच्याच दराने कर्ज वाटले असते, त्याच्याकडे ही उशी नसती. तीन महिने ती सदस्या काहीच भरू शकली नाही, तरी एकूण तूट सुमारे २,२३० रुपये होते, आणि या गटाची एका महिन्याची बचतच २,४०० रुपये आहे.

हप्ता चुकल्यावर

पहिले काम म्हणजे बँकेचा हप्ता तारखेला पूर्ण भरणे. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला, तर गटाचे कर्ज बँकेच्या हिशेबात अनुत्पादित ठरते आणि पुढचे कर्ज अडते. इतर अकरा जणींचे पैसे वेळेवर आलेले असताना ते रोखून धरणे हा चुकीचा दबाव आहे, कारण त्याची शिक्षा त्याच अकरा जणींना होते.

दुसरे काम नोंदीचे. कोषातून भरलेले ७२८ रुपये वहीत ‘बँक हप्त्याची तूट’ म्हणून ठरावासह दाखवावेत आणि त्या सदस्येच्या खात्यावर संपूर्ण १,१७० रुपये थकबाकी लिहावी. पुष्कळ गटांत सचिव स्वतःच्या पदरचे पैसे घालते आणि वहीत हप्ता ‘जमा’ दाखवते. हेतू चांगला असतो, पण वहीवर विश्वास उरत नाही आणि पुढे सचिवेचे पैसेही बुडतात. वहीत घोळ आहे का हे तपासायचे असेल, तर सदस्येचे वैयक्तिक पासबुक आणि गटाची खातेवही शेजारी ठेवून आकडे जुळवावेत. अनेक जणींची पासबुके पदाधिकाऱ्याच्याच घरी सापडली, तर कर्ज एकीच्या नावावर आणि वापर दुसरीचा, असा प्रकार आहे का, हे नक्की पाहावे.

तिसरे काम घरी जाण्याचे. हप्ता चुकल्यापासून आठवड्याभरात दोन्ही जामीनदार आणि अध्यक्ष यांनी जावे, सर्व गटाने घोळक्याने जाऊ नये. प्रश्न एकच असतो: तिला भरता येत नाही, की भरायचे नाही? भरता येत नसेल, तर ती बैठकीला येते, बचतीचे पन्नास-शंभर तरी देते आणि घरातली स्थिती डोळ्यांना दिसते. भरायचे नसेल, तर ती आधी बैठक चुकवू लागते.

भरता येत नसेल तर

वरील सदस्येकडे दहाव्या महिन्याअखेर १७,००० रुपये मुद्दल बाकी राहते. बँकेच्या कर्जाचे १४ महिने उरलेले असतात. तेवढ्यात फेडायचे म्हटले, तर महिन्याला १,२१४ रुपये मुद्दल होते, म्हणजे जिला हजार झेपले नाहीत तिच्यावर आणखी ओझे. त्याऐवजी तिचा हप्ता ५०० रुपये मुद्दल आणि व्याज असा बांधून द्यावा. ती ३४ महिन्यांत कर्ज फेडेल. बँकेची मुदत संपेपर्यंत तिच्याकडून ७,००० रुपये येतील आणि राहिलेले १०,००० रुपये, चुकलेल्या तीन हप्त्यांचे ३,००० धरून, गटाला कोषातून टप्प्याटप्प्याने घालावे लागतील. हे पैसे बुडालेले नसतात. बँकेऐवजी गट तिचा धनको झालेला असतो. मात्र तोपर्यंत नव्या अंतर्गत कर्जासाठी गटाकडे तेवढे पैसे कमी राहतील, हे ठराव करताना सर्वांना सांगावे. चुकलेल्या तीन महिन्यांचे ५१० रुपये व्याज वेगळे लिहावे, पण त्यावर पुन्हा व्याज लावू नये. शेळ्यांचा विमा उतरवलेला असेल, तर दाव्याची रक्कम आधी याच कर्जात घ्यावी.

भरायचेच नसेल तर

आधी लेखी सूचना द्यावी आणि जामीनदारांकडून हप्ता घ्यायला सुरुवात करावी. त्यानंतर प्रकरण गावातील बचत गटांच्या ग्रामसंघाकडे न्यावे; बँक शाखेच्या पातळीवर वसुलीसाठी समुदायाची समिती असेल, तर तिच्यापुढेही मांडावे. तिची बचत कर्जात वळती करणे हा शेवटचा उपाय आहे आणि त्याला मर्यादाही आहे. वीस महिन्यांची तिची बचत फार तर ४,००० रुपये असते, म्हणजे १७,००० पैकी १३,००० उरतातच. वळती करायची झालीच, तर ठराव, रक्कम आणि तिची सही, तिन्ही हवेत. घरातील भांडी, शिलाई मशीन किंवा जनावर उचलून आणण्याचा अधिकार गटाला नाही. तसे केल्यास तक्रार गटावरच होऊ शकते.

तिला गटातून काढण्याची घाई करू नये. सदस्यत्व गेले, तरी करारनाम्यावरील तिची सही आणि कर्ज राहतेच, पण बैठकीत समोर बसवून विचारण्याचा हक्क संपतो. बँकेच्या पुढच्या कर्जाबाबतही सोय आहे: हेतुपुरस्सर थकबाकीदार सदस्येला जुनी बाकी फेडेपर्यंत बँकेच्या कर्जातून वाटा मिळू नये, पण तिच्यामुळे उरलेल्या गटाला कर्ज नाकारले जाऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात. नाइलाजाने थकलेल्या सदस्येला तर कर्जापासून वंचित ठेवूच नये, असेही त्यांत आहे. म्हणून दुसऱ्या कर्जाच्या अर्जासोबत थकबाकी कोणाची आहे, ती कोणत्या प्रकारची आहे आणि गटाने त्यावर कोणत्या तारखेला कोणता ठराव केला, याची प्रत जोडावी.