मजकूर छापील वाटतोय? 'असून' तोडा

सूचना लिहिताना 'असून', 'तसेच', 'त्याबाबत' जोडत गेलं की वाक्य सरकारी परिपत्रकासारखं होतं. उदाहरणार्थ:

'बैठक पुढे ढकलण्यात आली असून ती गुरुवारी चार वाजता होईल, तसेच जागेत बदल नाही.'

१. 'असून' आणि 'तसेच'पाशी पूर्णविराम द्या.
२. मागच्या वाक्यावरून कळतं तिथे क्रियापद गाळा.
३. खरा विरोध असेल तिथेच 'पण'ने सुरुवात करा.

झालं असं: 'बैठक पुढे ढकलली आहे. आता गुरुवारी, चार वाजता. पण जागा तीच (हो, तोच पंखा नसलेला हॉल).'

कंसातली कुजबुज एका मजकुरात एकच. दुसरी आली की लेखक स्वतःवरच खूश आहे असं वाटतं. 'पण' झाकून वाचा. अर्थ तोच राहिला तर तो नुसता दागिना, काढून टाका. क्रियापद नसलेले तीन तुकडे लागोपाठ आले तर जाहिरात वाटते.

पैसे आणि अटी मात्र पूर्ण वाक्यातच लिहा. 'पैसे परत. पण अर्धे.' यात कोण, कुणाला, कधी देणार? मी एकदा असंच लिहिलं आणि दिवसभर फोन घेत बसलो.