गौरीच्या अंगावर गाठी आल्या तेव्हा

इंदूरजवळच्या आमच्या गोठ्यात सात गाई. 2022 च्या पावसाळ्यात गौरीने चारा सोडला, ताप 105 आणि दुसऱ्या दिवशी मानेवर सुपारीएवढ्या टणक गाठी. लम्पी, म्हणजे गुरांचा विषाणूमुळे होणारा त्वचारोग. मी तिला त्याच दिवशी शेताच्या दुसऱ्या टोकाला बांधलं. बादली, दावं वेगळं, आणि तिचं काम सगळ्यांत शेवटी.

पण खरा शत्रू चावऱ्या माश्या. लम्पी पसरते ती मुख्यतः त्यांच्यामुळे, डासांमुळे आणि गोचिडांमुळे. म्हणून शेण रोज लांब नेऊन झाकलं, डबकं बुजवलं, संध्याकाळी कडुलिंबाचा धूर केला आणि गौरीभोवती मच्छरदाणी लावली. बाकीच्या गाईंचा ताप रोज मोजला. डॉक्टरांनी निरोगी गाईंना लम्पीपासून बचावासाठी शेळीच्या देवीची लस दिली, पण तिचा असर व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर माश्याच आवरायच्या.

विषाणूवर औषध नाही. तापाचं इंजेक्शन दिलं, फुटलेल्या गाठी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुऊन कडुलिंबाचं तेल लावलं, मऊ चारा, गुळाचं पाणी. अँटिबायोटिक फक्त जखमा चिघळल्यावर, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. ते चालू असताना आणि नंतर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस दूध टाकून दिलं. लम्पी माणसाला होत नाही. म्हणून अँटिबायोटिक सुरू होण्याआधीचं दूध आम्ही उकळून प्यायलो. वासराला मात्र आजारी आईचं दूध पिऊ दिलं नाही, दुसऱ्या गाईचं दूध दिलं.