रेंज फुल्ल, तरी नेट बंद: फोन दुरुस्त करताना या चुका टाळा

भाजीवाल्याकडे पैसे देण्यासाठी फोन काढावा, वर रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या असाव्यात आणि स्कॅन केल्यावर नुसते गोल फिरत राहावे, हे मुंबईत कुणालाही कधीही होते. मग माणूस घाईने काहीतरी दाबत सुटतो. फ्लाइट मोड, रिस्टार्ट, कॅरिअर सेटिंग्जचा अपडेट, उपाय बहुतेकांना ठाऊक असतात. ते अर्धवट केले जातात किंवा उलट्या क्रमाने केले जातात, आणि त्यामुळे चालू होणारे नेटही चालू होत नाही.

आधी दांड्यांचा अर्थ नीट कळायला हवा. जवळच्या टॉवरची रेडिओ लहर फोनला किती जोरात ऐकू येते, एवढेच त्या दाखवतात. तो टॉवर पुढे इंटरनेटला जोडलेला आहे का, तुमच्या सिमला डेटाची जोडणी मिळाली आहे का, तुमचा पॅक चालू आहे का, यातले काहीही त्या सांगत नाहीत. फोन लागतो म्हणजे नेटही चालायला हवे, हाही गैरसमजच. आजचे कॉल बहुतेक ४जी वरूनच जातात, पण कॉलसाठीची जोडणी वेगळी आणि इंटरनेटची वेगळी असते. एक चालू आणि दुसरी बंद असू शकते.

दांड्यांपेक्षा शेजारची अक्षरे जास्त कामाची. वाय-फाय बंद करा आणि दांड्यांच्या बाजूला 4G, LTE किंवा 5G दिसते का ते पाहा. दांड्या आहेत आणि अक्षरे नाहीत, किंवा अँड्रॉइडवर बाजूला उद्गारचिन्ह आहे, तर डेटाची जोडणी झालेलीच नाही. अक्षरे दिसत आहेत पण पान उघडत नाही, तर कारण बहुधा गर्दी, संपलेला पॅक किंवा फोनमधली एखादी सेटिंग.

वाय-फाय चालू ठेवून मोबाइल नेट तपासणे

ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. वाय-फाय चालू असताना फोन सहसा त्यावरूनच नेट घेतो आणि आयफोनवर 4G, 5G ची अक्षरेही दिसत नाहीत. रेल्वे स्टेशनांवर रेलवायरचे मोफत वाय-फाय आहे. त्याची देशातली सुरुवात जानेवारी २०१६ मध्ये आपल्या मुंबई सेंट्रलपासूनच झाली. एकदा वापरलेले असे वाय-फाय फोन पुढे आपणहून पकडतो, पण ओटीपी टाकून लॉगिन केल्याशिवाय त्यावर नेट मिळत नाही. फलाटावर अडकलात तर आधी वाय-फाय बंद करून पाहा. दोन सिम असतील तर मोबाइल डेटा कोणत्या सिमवर ठेवला आहे तेही बघा. दिसणारी फुल्ल रेंज दुसऱ्याच सिमची असू शकते. दिवसाचा डेटा संपला की अनेक पॅकवर वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि त्या वेगात आजची पाने जवळपास उघडतच नाहीत. हे सगळे पाहायला मिनिटभरही लागत नाही, म्हणून इथूनच सुरुवात करावी.

फ्लाइट मोड चालू करून लगेच बंद करणे

फ्लाइट मोड चालू केला की फोन नेटवर्कमधून बाहेर पडतो. बंद केला की तो टॉवरशी नव्याने नोंदणी करतो आणि डेटाची जोडणी पहिल्यापासून मागतो. भुयारी मेट्रोतून वर आल्यावर किंवा लोकलमध्ये एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना जुनी जोडणी अडकून राहते, तेव्हा हाच उपाय लागू पडतो. पण बटण दाबून लगेच पुन्हा दाबले तर फोनला नीट बाहेर पडायलाच वेळ मिळत नाही. वीस ते तीस सेकंद थांबा. बंद केल्यावरही दांड्या आल्या म्हणून लगेच अ‍ॅप उघडू नका, अक्षरे येऊ द्या. मग ब्राउझरमध्ये एखादे साधे पान उघडून पाहा. फक्त एकच अ‍ॅप चालत नसेल तर दोष त्या अ‍ॅपचाही असू शकतो.

यूपीआयचे पैसे जात असताना मध्येच फ्लाइट मोड लावू नका. लावलाच असेल तर नेट आल्यावर आधी व्यवहाराची स्थिती आणि खात्यातली शिल्लक पाहा, मगच पुन्हा पैसे द्या. घाईत दोनदा दिलेले पैसे परत मिळवणे फार त्रासाचे असते.

रिस्टार्ट अर्धवट करणे

स्क्रीन काळी करणे किंवा उघडी अ‍ॅप बंद करणे म्हणजे रिस्टार्ट नव्हे. फोन पूर्ण बंद करा, अर्धा मिनिट तसाच राहू द्या, मग चालू करा. यात नेटवर्कचे काम पाहणारा मोडेम पहिल्यापासून सुरू होतो आणि सिम पुन्हा वाचले जाते, म्हणून फ्लाइट मोडने न सुटलेला गुंता कधी कधी इथे सुटतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. फ्लाइट मोड चालू असताना फोन बंद केला तर चालू झाल्यावरही तो मोड तसाच राहतो, आणि माणसाला वाटते की रिस्टार्टनेही काही झाले नाही.

रिस्टार्टनंतरही अक्षरे येत नसतील तर तेच दोन उपाय दिवसभर करत बसू नका. अडकलेली जोडणी एवढ्याने सुटायला हवी होती. आता सेटिंग्जकडे वळायचे.

कॅरिअर सेटिंग्जचा संदेश नाकारणे

मुलुंडला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंचे असेच झाले. त्यांनी नंबर तोच ठेवून कंपनी बदलली होती. नवे सिम आयफोनमध्ये घातले, फोन लागू लागले. घरी वाय-फाय, त्यामुळे काही कळले नाही. बाहेर पडल्या की मात्र नेट बंद. "अरे, रेंज तर फुल्ल आहे, मग सिमच खराब दिलं असेल," असे त्यांचे म्हणणे.

वाय-फाय बंद केले. दांड्या चारही, अक्षरे नाहीत. माझा फोन त्यांच्याकडे लागला, म्हणजे सिम आणि टॉवर दोन्ही ठीक होते. फ्लाइट मोड तीस सेकंद ठेवला, काही फरक नाही. फोन पूर्ण बंद करून चालू केला, तेच. शेजारच्या ताईंकडे त्याच कंपनीचे सिम होते आणि त्यांचे नेट व्यवस्थित चालत होते, म्हणजे टॉवरकडेही बोट दाखवता येत नव्हते. राहिली ती फोनमधली कंपनीची सेटिंग्ज.

कॅरिअर सेटिंग्ज म्हणजे तुमच्या कंपनीच्या नेटवर्कशी फोनने कसे बोलायचे याच्या सूचना. डेटासाठी कोणत्या दाराने आत जायचे, म्हणजे एपीएन कोणता, हे त्यातच असते. कंपनी बदलली की या सूचनाही बदलाव्या लागतात. आयफोनवर त्या तपासायची जागा अशी:

```
Settings > General > About
```

इथे लोक दोन ठिकाणी अडतात. पहिले म्हणजे, हा अपडेट उतरवायला नेट लागते आणि मोबाइल नेट तर बंद आहे. म्हणून आता वाय-फाय चालू हवे. दुसरे म्हणजे, या पानावर दाबायला बटण नसते. पान उघडे ठेवून थांबायचे. अपडेट असेल तर Carrier Settings Update असा संदेश आपोआप येतो. मिनिटभरात आला नाही तर अपडेट नाही असे समजून पुढे जा.

काकूंच्या फोनवर संदेश आला आणि त्या लगेच म्हणाल्या, "हा? हा तर मागेच आला होता. मला वाटलं फसवणूक आहे, मी Not Now केलं." त्यांची भीती अगदी रास्त होती. फरक ओळखायचा तो असा: खरा संदेश फोनची स्वतःची खिडकी म्हणून येतो, त्यात फक्त Not Now आणि Update असते. तो ओटीपी मागत नाही, पैसे मागत नाही, लिंक देत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल किंवा फोन करून "सेटिंग अपडेट करून देतो" म्हणणारा माणूस, हे मात्र नक्की फसवणूक. काकूंनी Update दाबले, काही क्षणांत ते झाले. फोन एकदा रिस्टार्ट केला, वाय-फाय बंद केले आणि दांड्यांशेजारी LTE आले.

अँड्रॉइडवर असे एकच ठरलेले पान नाही. तिथे या सूचना फोनच्या सिस्टिम अपडेटबरोबर किंवा गूगलच्या सेवांमार्फत आपोआप येतात, म्हणून वाय-फायवर ते अपडेट आधी पूर्ण करून घ्या. तेवढ्याने भागले नाही तर एपीएन मूळ स्थितीत आणा. सॅमसंगवर मार्ग असा:

```
Settings > Connections > Mobile networks > Access Point Names
```

वरच्या तीन ठिपक्यांत Reset to default असते. इतर फोनवर Settings मधल्या शोधपट्टीत APN लिहिले की ते पान सापडते. जिओचा एपीएन jionet आणि एअरटेलचा airtelgprs.com असतो. कंपनी बदलूनही तिथे जुन्याच कंपनीचे नाव दिसत असेल तर नेट न चालण्याचे कारण सापडलेच. एपीएन ठीक असून अक्षरेही येत असतील, तर फोनमध्ये व्हीपीएन किंवा Private DNS चालू राहिले आहे का ते पाहा.

गर्दीला फोनचा बिघाड समजणे

संध्याकाळी दादर स्टेशन किंवा विसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटी. अक्षरे दिसतात, मेसेज कधी जातो कधी जात नाही, फोटो तर अडकतोच. इथे विरार लोकल समोर उभी आहे पण आत पाय ठेवायला जागा नाही, अशी स्थिती असते. फ्लाइट मोड, रिस्टार्ट, अपडेट यांपैकी कशानेही जागा वाढत नाही. ५जी फोन थोडा वेळ ४जीवर आणून पाहावा, कारण दोन्हींवरची गर्दी सारखीच असते असे नाही. नाहीतर गर्दीपासून थोडे लांब चालत जावे. घरी पोहोचल्यावर नेट नीट चालले तर फोनला हात लावू नका.

घाबरून फोन पुसून टाकणे

फॅक्टरी रिसेट या दुखण्यासाठी जवळजवळ कधीच लागत नाही. त्याआधी Reset Network Settings आहे. त्याने फोटो आणि मेसेज जात नाहीत, पण वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात, म्हणून घरच्या वाय-फायचा पासवर्ड आधी लिहून ठेवा. ई-सिम असेल तर ते पुसायचा पर्याय चुकूनही निवडू नका. ते परत घ्यायला नेट लागते आणि कंपनीकडे पडताळणीही करावी लागते.

एवढे सगळे करूनही अक्षरे येत नसतील तर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहा. तिथेही नेट नसेल तर दोष सिमचा, खात्याचा किंवा टॉवरचा. मग १९८ वर तक्रार करा. नेट कुठे बंद पडते, केव्हापासून, कॉल लागतात का, आणि सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून काय झाले, हे आधीच सांगा, म्हणजे पुन्हा "फोन रिस्टार्ट करा" ऐकावे लागणार नाही. तक्रारीचा क्रमांक मागून लिहून घ्या.