स्वप्नातली घोडी नेमकी कोण? कादंबरीतल्या स्वप्नाचं मनोविश्लेषण करताना या चुका टाळा

दस्तयेवस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट' (1866) या कादंबरीच्या पहिल्या भागात, पाचव्या प्रकरणात, नायक रास्कोलनिकोवला एक स्वप्न पडतं. त्यात तो सात वर्षांचा आहे आणि वडिलांबरोबर दफनभूमीकडे चालला आहे. वाटेत गुत्त्यासमोर मिकोल्का नावाच्या दारुड्याने आपली मरतुकडी घोडी एका अवजड गाडीला जुंपली आहे. तो सगळ्यांना गाडीत बोलावतो. घोडीला गाडी ओढवत नाही, म्हणून आधी चाबकाने, मग गाडीच्या दांड्याने आणि शेवटी लोखंडी पहारीने तो तिला मारून टाकतो. "माझा माल आहे," असं तो ओरडत राहतो. मुलगा मेलेल्या घोडीच्या तोंडाचे, डोळ्यांचे मुके घेतो आणि चिमुकल्या मुठी आवळून मिकोल्कावर धावून जातो. वडील त्याला ओढून नेतात. दारुडे आहेत ते, आपल्याला काय त्याचं, असं त्यांचं म्हणणं.

मनोविश्लेषणात्मक समीक्षा शिकताना हे स्वप्न हमखास पुढ्यात येतं आणि बहुतेकांचं गाडं ठरलेल्या काही ठिकाणी अडतं.

माहीत असलेल्या इच्छेला 'दमित' म्हणणं

"या स्वप्नातून रास्कोलनिकोवची खुनाची दमित इच्छा प्रकट होते" हे वाक्य अनेक निबंधांत सापडतं आणि ते चूक आहे. एका सावकारीण म्हातारीचा कुऱ्हाडीने खून करायचा विचार त्याच्या डोक्यात उघडपणे घोळतो आहे. आदल्याच दिवशी तो तिच्या घरी जाऊन खुनाची 'तालीम' करून आला आहे. आपल्या घरापासून तिच्या फाटकापर्यंतची 730 पावलं त्याने मोजून ठेवली आहेत. जे माणसाला पक्कं ठाऊक आहे ते दमित कसं? दमन म्हणजे जाणिवेने बाहेर ढकललेलं आणि वेश पालटून परत येणारं काहीतरी.

म्हणून स्वप्नाला हात घालण्याआधी दोन रकाने करावेत. एका रकान्यात पात्र स्वतःशी कबूल करतं ते सगळं लिहायचं, दुसऱ्यात ज्या विषयाजवळ येऊन ते बिथरतं किंवा विषय बदलतं ते. दमित इच्छेचा शोध फक्त दुसऱ्या रकान्यात घ्यायचा.

स्वप्नाआधीची पानं सोडून देणं

फ्रॉइडच्या पद्धतीचा कणा म्हणजे मुक्त साहचर्य. स्वप्न पाहणारा प्रत्येक तपशिलावर मनात येईल ते बोलतो आणि त्या धाग्यावरून अर्थ लागतो. कादंबरीतलं पात्र आपल्यासमोर कोचावर झोपत नाही. 1907 साली येन्सेनच्या 'ग्राडिवा' या कथेतली स्वप्नं उलगडताना फ्रॉइडलाही हीच अडचण आली. नायकाला विचारता येत नाही, तेव्हा त्याच्या अलीकडच्या अनुभवांकडे पाहायचं आणि फार जपून स्वतःची साहचर्यं त्या जागी ठेवायची, असा मार्ग त्याने काढला. जपून हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण इथेच प्रतीकांचा कोश उघडून 'घोडी म्हणजे कामवासना' असं लिहून टाकण्याचा मोह होतो. त्या कोशातून येणारं उत्तर कुठल्याही कादंबरीतल्या कुठल्याही घोडीला लागू पडतं.

त्याऐवजी मागची दोन प्रकरणं उघडा. तिसऱ्यात आईचं पत्र आहे. तिला वर्षाला 120 रूबल निवृत्तिवेतन मिळतं, त्याच्या आधारावर उसने काढून ती मुलाला पैसे पाठवते. बहीण दून्या लूझिन नावाच्या पैसेवाल्या माणसाशी लग्न करायला तयार झाली आहे आणि त्यामागे भावाचं भलं आहे, हे ओळींमधून स्पष्ट दिसतं. चौथ्या प्रकरणात रास्कोलनिकोव चिडून स्वतःशी म्हणतो की रुमाल विणता विणता आई आंधळी होईल. मग तो भटकतो, वोदकाचा एक पेला घेतो आणि झुडपात आडवा होतो. स्वप्न तिथे पडतं.

आता तपशील शेजारी ठेवून पाहा. झेपणार नाही एवढं ओझं ओढणारी मादी. गाडीत फुकट बसलेले लोक. डोळ्यांवर बसणारे फटके. घोडीत म्हातारी सावकारीण आहे हे खरं, कारण जागा होताच तो स्वतःच कुऱ्हाडीची आठवण काढतो. पण त्याच घोडीत त्याच्यासाठी राबणारी आईही आहे. एका प्रतिमेत अनेक माणसं कोंबली जाणं याला संक्षेपण म्हणतात. 'घोडी म्हणजे अमुक' असं एकच समीकरण मांडलं की ते हातचं निसटतं. स्वप्न पाहणाराही एकाच जागी नसतो. रडणारा मुलगा तो आहे, 'माझा माल' म्हणणारा मिकोल्का तो आहे, आणि गाडीत बसलेल्यांतही तो आहे. ही तिसरी जागा त्याला कबूल करवत नाही. ज्यांच्या जिवावर जगतो त्यांच्याविषयीचा राग, हा दुसऱ्या रकान्यातला माल.

अर्थ लावून तिथेच थांबणं

जुळलं म्हणजे सिद्ध झालं, असं नाही. मनोविश्लेषणात काहीही कशाशीही जुळवता येतं. विरोधी पुरावा दिसला तर 'हा मनाचा प्रतिकार आहे' म्हणायची सोय असतेच. म्हणून अर्थ लावल्यावर एक भाकीत करावं आणि ते स्वप्नाबाहेरच्या मजकुरावर तपासावं. इथलं भाकीत असं: आईविषयीचा राग पुढे कुठेतरी उघडा पडला पाहिजे. तो पडतो. तिसऱ्या भागाच्या सहाव्या प्रकरणात आई आणि बहीण यांचा आपल्याला शारीरिक तिटकारा वाटतो, असं तो मनाशी म्हणतो. त्याच विचारात मेलेली म्हातारी शिरते आणि लगेच दुसरं स्वप्न पडतं: तो म्हातारीवर घाव घालतो आहे आणि ती हसते आहे. भाकीत टिकलं. असं काही सापडलं नसतं, तर आईचा मुद्दा खोडावा लागला असता आणि निबंधात तो 'शक्यता' म्हणूनही ठेवायचं कारण उरलं नसतं.

प्रतिमा कुठून आली हे न पाहणं

डोळ्यांवरच्या फटक्यांवर फार भिस्त ठेवू नका. घोड्याच्या डोळ्यांवर मारण्याचं दृश्य रशियन कवी नेक्रासोवच्या कवितेत आधीच होतं आणि दस्तयेवस्कीला ती कविता चांगली ठाऊक होती. शिवाय 1837 साली प्रवासात त्याने एका सरकारी निरोप्याला गाडीवानाच्या मानेवर ठोसे मारताना आणि गाडीवानाला तोच राग घोड्यांवर काढताना पाहिलं होतं. म्हणजे हा तपशील रास्कोलनिकोवच्या नेणिवेतून उगवलेला नाही, लेखकाने तो आणून आईच्या पत्रानंतर ठेवला आहे. ठेवण्याची जागा अर्थपूर्ण आहे, पण तो अर्थ रचनेचा.

इथून उलट्या दिशेची उडीही लोक मारतात: स्वप्न लेखकाचंच, तेव्हा दमित इच्छाही त्याचीच. पण लेखकही कोचावर नाही, आणि त्याच्याबाबतीत तपासायला कादंबरीसारखा बंदिस्त मजकूरही नाही.

या पद्धतीची मर्यादा कुठे सुरू होते ते ओळखायला एक सोपी कसोटी आहे. प्रत्येक दुव्यासमोर लिहा: स्वप्न पडलं तेव्हा पात्राला हे ठाऊक असणं शक्य होतं का? आईचं पत्र, हो. म्हातारीचं घर, हो. पण पुढे खुनाचा आळ स्वतःवर घेणाऱ्या रंगाऱ्यालाही कादंबरीत मिकोल्का म्हणतात, आणि पाचव्या भागात कातेरिना इवानोवना या गरिबीने पिचलेल्या, मरणाऱ्या बाईच्या तोंडी तट्टू मरेपर्यंत राबवल्याचे शब्द येतात. स्वप्न पडतं तेव्हा रंगाऱ्याला रास्कोलनिकोव ओळखतही नाही. हे दोन्ही दुवे खरे आहेत, फक्त ते नेणिवेच्या नावावर लिहायचे नाहीत; कादंबरीच्या विणीच्या नावावर लिहायचे.