नव्या बाइकचं पहिलं ऑइल आणि सिंथेटिकची घाई

नव्या बाइकमध्ये कंपनीने भरलेलं ऑइल पहिल्या सर्व्हिसपर्यंत तसंच राहू द्या. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवरच्या बारीक रेषांवर घासून नीट बसतात ते याच काळात. गिअरचे दातही एकमेकांशी जुळतात. त्यातून सुटलेला धातूचा कीस ऑइलमध्ये उतरतो. पहिल्यांदा काढलेलं ऑइल उन्हात धरून पाहा, त्यात बारीक चमक दिसते. ती नॉर्मल आहे. नखाने उचलता येतील असे तुकडे दिसले तर मात्र मेकॅनिकला दाखवा.

म्हणूनच पहिली सर्व्हिस लांबवू नये. बहुतेक बाइकना ती ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान असते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये सापडेल. किलोमीटर किंवा दिवस, जे आधी भरेल ते धरा. ऑइलसोबत फिल्टर बदलला की त्याची जाळी साफ केली, हेही विचारा.

समजा, ३०० किलोमीटरलाच सिंथेटिक भरायचा मोह झाला. इंजिन त्याने बिघडणार नाही, काही बाइक तर कारखान्यातूनच सिंथेटिक घेऊन येतात. पण तेच महागडं ऑइल थोड्याच दिवसांत किसासकट काढून टाकावं लागेल. माझ्या मते दुसऱ्या ऑइल बदलाला विचार करा, तोही मॅन्युअलमधल्या ग्रेडचाच. डब्यावर बाइकच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची JASO MA किंवा MA2 ही खूण हवी. कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो: रेस वाढते, वेग वाढत नाही.