अहवालातली वाक्ये जोडताना अर्धविराम आणि अपसारण चिन्ह कसे वापरावे

इंदूरमधल्या आमच्या मराठी मंडळाचा वार्षिक अहवाल दर वर्षी तपासायला माझ्याकडे येतो. लिहिणारे चिटणीस दिवसभर दुकानात हिंदीत व्यवहार करतात आणि रात्री मराठीत अहवाल लिहितात. मग कुठे पूर्णविरामाऐवजी उभा दंड पडतो, तर कुठे चार-पाच वाक्ये नुसत्या स्वल्पविरामांवर लोंबकळतात. गेल्या अहवालातले हे वाक्य बघा:

«यंदा गणेशोत्सवात पाऊस फार होता, संगीतसंध्या पटांगणात घेता आली नाही, ती सभागृहात घेतली, तिथे फक्त १२० खुर्च्या होत्या, बरेच सभासद दाराबाहेर उभे राहिले - पुढच्या वर्षी मोठे सभागृह घ्यावे लागेल.»

पहिली पायरी: क्रियापदांखाली रेघ मारा. जुन्या मोडी कागदांत विरामचिन्हे नसत, तरी वाचणाऱ्याला वाक्य कुठे संपले ते बरेचदा क्रियापदावरून कळे. आपणही तेच करायचे. होता, आली नाही, घेतली, होत्या, राहिले, लागेल. म्हणजे एका ओळीत सहा वाक्ये कोंबली आहेत.

दुसरी पायरी: प्रत्येक तुकडा एकटा वाचा. त्याच्यापुढे पूर्णविराम देऊन तो उभा राहत असेल, तरच तिथे अर्धविराम चालेल. «पाऊस फार होता» उभे राहते. «पाऊस आल्यामुळे» राहत नाही. तिथे स्वल्पविराम द्या किंवा काहीच देऊ नका. जर–तर आणि जरी–तरी यांच्यापाशी मात्र सावध राहा. «जर पाऊस आला» यात क्रियापद पूर्ण आहे, पण कान पुढच्या ‘तर’ची वाट पाहतो. म्हणून «जर पाऊस आला; तर कार्यक्रम सभागृहात होईल» हे चूक. ‘समितीने ठरवले की’ यानंतरही अर्धविराम येत नाही, कारण काय ठरवले ते अजून सांगायचेच आहे.

तिसरी पायरी: नाते ओळखा. दोन पूर्ण वाक्ये एकाच गोष्टीबद्दल असतील, एक दुसऱ्याचे कारण किंवा विरोध असेल, तर अर्धविराम द्या. शाळेत इंग्रजी व्याकरण पाठ केलेले लोक इथे अडखळतात. इंग्रजीत ‘पण’ अशा अर्थाचा शब्द आला की सहसा स्वल्पविराम पुरतो. मराठीत मात्र पण, परंतु, म्हणून, त्यामुळे यांच्या आधी अर्धविराम देण्याची रीत शालेय व्याकरणातच आहे: «निमंत्रणे वेळेत गेली; पण उपस्थिती कमी राहिली.» वाक्ये अगदी छोटी असतील तर स्वल्पविरामानेही भागते, माझा कल मात्र अर्धविरामाकडे.

अपसारण चिन्हाचे काम वेगळे आहे. आधी काहीतरी सांगायचे आणि मग त्याचा उलगडा करायचा, तिथे ते लागते. मध्येच माहिती घालायची असेल तर ते जोडीने येते: «ग्रंथालयातील जुनी पुस्तके — त्यांत मोडी कागदपत्रेही आहेत — वरच्या खोलीत हलवली.» मधला भाग झाकून बघा, उरलेले वाक्य सरळ वाचता आले पाहिजे. «अध्यक्ष — तिसऱ्यांदा निवडून आलेले — यांनी आभार मानले» यात भाग झाकला की «अध्यक्ष यांनी» असे अवघडलेले उरते. तिथे चिन्ह काढा आणि «तिसऱ्यांदा निवडून आलेल्या अध्यक्षांनी» असे लिहा.

आता आपले वाक्य:

«यंदा गणेशोत्सवात पाऊस फार होता; त्यामुळे संगीतसंध्या पटांगणाऐवजी सभागृहात घेतली. तिथे फक्त १२० खुर्च्या होत्या; बरेच सभासद दाराबाहेर उभे राहिले. पुढच्या वर्षासाठी एकच उपाय दिसतो — मोठे सभागृह.»

सहाची पाच क्रियापदे झाली आणि वाक्ये तीन. खुर्च्या आणि उभे सभासद यांच्यामध्ये ‘म्हणून’ मुद्दाम घातलेला नाही. कारण इतके उघड आहे की अर्धविराम पुरतो. एका वाक्यात दोन अर्धविराम येऊ लागले, तर बहुधा त्यातल्या एकाच्या जागी पूर्णविराम हवा असतो.

आणि टंकलेखन. इनस्क्रिप्ट कळफलकावर अर्धविरामाच्या कळीवर ‘च’ बसलेला असतो. आमच्या चिटणिसांच्या अहवालात अर्धविराम का नसतो, हे मला त्यांच्या शेजारी बसल्यावर कळले! त्यासाठी क्षणभर इंग्रजी कळफलकावर जावे लागते. लांब रेघ मिळेल म्हणून शिफ्ट धरून संयोगचिन्हाची कळ दाबली, तर विसर्ग उमटतो आणि «दिसतोः» असा शब्द छापून येतो. विंडोजमध्ये बाजूच्या आकडी कळांवर `Alt+0151` दाबले की खरी रेघ येते. फोनवर संयोगचिन्हाची कळ थोडा वेळ दाबून ठेवा. आखूड रेघ ‘आई-वडील’, ‘इंदूर-पुणे’ अशा जोडशब्दांसाठी ठेवा.